झोपेसाठी कावा, व्हॅलेरियन, कॅमोमाइल: बाबांना चालेल का?

प्रश्न: बाबांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू आहे. भावानं बाहेरून कावा-व्हॅलेरियन या वनस्पतींच्या गोळ्या आणि कॅमोमाइल चहा पाठवलाय. झोपेसाठी द्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर: गोळ्या नकोच. कावानं लिव्हर निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागल्याच्या, मृत्यूच्याही नोंदी आहेत. जर्मनीनं २००२ मध्ये त्याचे परवाने काढून घेतले होते. असं क्वचित होतं, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. त्यात कावाचा थोडाफार पुरावा आहे तो चिंतेसाठी, झोपेसाठी नाही. एखादी गोळी आधीच दिली असेल आणि लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

व्हॅलेरियनचे अभ्यास उलटसुलट आहेत, फायदा झालाच तर किरकोळ. झोपेच्या गोळीसोबत घेतलं तर गुंगी वाढते.

चहा निरुपद्रवी वाटतो ना? २००६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी ७० वर्षांच्या एका बाईंची केस छापली. वॉरफेरिन चालू असताना त्या कॅमोमाइलचा चहा पीत होत्या, त्याचंच लोशनही लावत होत्या. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआरचा आकडा वाढून ७.९ वर गेला आणि पोटात रक्तस्राव झाला. म्हणून बाबांना तोही नको. दिला गेला असेल तर राजारामपुरीत, शाहूपुरीत, जवळ असेल त्या लॅबमध्ये आयएनआर तपासा आणि रिपोर्ट हार्टच्या डॉक्टरांना दाखवा. वॉरफेरिन मात्र स्वतःहून बंद करू नका.