१५० एएचची बॅटरी, १० अँपिअरचा चार्जर: किती तास?

"इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची ट्यूबलर बॅटरी पूर्ण उतरली आहे. बाहेरचा चार्जर १० अँपिअरचा आहे. १५० भागिले १० म्हणजे १५ तास, असा हिशोब करून लावतो, पण फुल होत नाही. नक्की किती तास लावू? आणि २० अँपिअरचा चार्जर घेतला तर निम्म्या वेळात काम होईल का?"

खरोखरच पूर्ण उतरलेली असेल तर २२ तासांच्या आसपास धरा. १५ तासांनी ती साधारण ९० टक्क्यांपर्यंत आलेली असते, म्हणून तुम्हाला फुल दिसत नाही.

तुमच्या भागाकारात दोन गोष्टी धरून चालल्या आहेत. एक, चार्जरने घातलेला प्रत्येक अँपिअर-तास, म्हणजेच एएच, बॅटरीत साठतो. दुसरी, चार्जर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत १० अँपिअरच देत राहतो. लेड-ॲसिड बॅटरीत या दोन्ही गोष्टी होत नाहीत, आणि दोन्ही बिघडतात त्या शेवटच्या टप्प्यातच.

आधी वाया जाणाऱ्या करंटचं बघू. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. चार्जिंगमध्ये त्याचं पुन्हा एका प्लेटवर शिसं आणि दुसरीवर लेड डायॉक्साइड होतं, आणि सल्फेट ॲसिडमध्ये परत जातं. सल्फेट भरपूर असतं तोवर जवळजवळ सगळा करंट याच कामाला लागतो, नुकसान फारच थोडं. पण सल्फेट संपत आलं की करंटला तेवढं काम उरत नाही आणि तो पाणी फोडायला लागतो. टोपण उघडून कान लावला तर बारीक खळखळ ऐकू येते, ती हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची. तो करंट साठत नाही. म्हणून पाण्याच्या बॅटरीत जितके अँपिअर-तास काढले त्याच्या सुमारे सव्वापट नाही, पण १.१५ ते १.२ पट परत घालावे लागतात. मी १.२ धरतो. तुमच्या बॅटरीला १५० गुणिले १.२, म्हणजे १८० अँपिअर-तास.

इथे एक घोळ नेहमी होतो. कुणी सांगतं नुकसान २० टक्के, कुणी सांगतं ३०. दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास वीज देते आणि १४ च्या आसपास घेते, त्यामुळे विजेच्या युनिटमध्ये मोजलं तर तोटा जास्त दिसतो, शिवाय चार्जर स्वतः गरम होतो त्याचा वेगळा. तो हिशोब लाइटबिलासाठी: १८० अँपिअर-तास १४ व्होल्टने म्हणजे अडीच युनिट बॅटरीत, आणि चार्जरचा तोटा धरून मीटरवर तीनच्या वर. तास काढायचे असतील तर फक्त अँपिअर-तासांचा तोटा धरायचा.

आता १८० भागिले १०, म्हणजे १८ तास. मग मी २२ का म्हणालो? चार्जर व्होल्टेज १४.४ पर्यंत चढू देतो आणि तिथे धरून ठेवतो. तोवर १० अँपिअर पूर्ण जातो. १४.४ ला पोचल्यावर बॅटरी स्वतःच कमी करंट घ्यायला लागते: दहाचे आठ, आठचे पाच, मग तीन. १५० एएचच्या बॅटरीला १० अँपिअरने लावलं तर ती वेळ अंदाजे ८५ टक्के भरल्यावर येते. तिथपर्यंत १२८ अँपिअर-तास साठवायचे, नुकसान कमी असल्यामुळे घालायचे साधारण १३४, म्हणजे साडेतेरा तास. उरलेले २२ साठवायला मात्र ४६ घालावे लागतात, कारण अर्ध्याहून जास्त बुडबुड्यांत जातात. आणि हे ४६ सरासरी साडेपाच अँपिअरने गेले तर आठ-साडेआठ तास. दोन्ही मिळून २२. तुम्ही नेमके त्या शेवटच्या टप्प्याच्या सुरुवातीलाच चार्जर काढत आहात. एखाद्या वेळी ते चालतं. दर वेळी असंच झालं तर प्लेटांवर राहिलेलं सल्फेट कडक होत जातं आणि मग ते नेहमीच्या चार्जिंगला विरघळत नाही.

अर्थात बॅटरी इतकी उतरू देणंच वाईट आहे, आणि घरात सहसा ती इतकी उतरतही नाही. समजा लाइट चार तास गेली, दोन पंखे आणि चार दिवे मिळून २०० वॉट चालू होते. इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून सुमारे २० अँपिअर जातात, चार तासांत ८० अँपिअर-तास. परत घालायचे ९६. सरळ भागाकार ९.६ तास सांगतो. प्रत्यक्षात पहिले ६ तास १० अँपिअर जातात, आणि उरलेले ३५ घालायला आणखी सहा-सात तास लागतात. म्हणजे १२ ते १३ तास. रात्री आठला लावली तर सकाळी आठ-नऊला काढा, पहाटे उठून काढू नका.

हे सगळं तुमचा चार्जर खरोखर १० अँपिअर देतो असं धरून. बाजारात जे साधे ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर मिळतात त्यांच्यावरचा आकडा उतरलेल्या बॅटरीला सुरुवातीला मिळणारा असतो. बॅटरीचं व्होल्टेज चढत गेलं की त्यांचा करंट पहिल्या तासापासूनच उतरायला लागतो. खात्री करायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो; इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, त्यावर खरा आकडा दिसणार नाही. चार्जिंग सुरू करून दोन-तीन तासांनी वायरभोवती क्लॅम्प लावा. ७ अँपिअर दिसला तर हिशोबात ७ घाला, आणि मग तुमची पूर्ण उतरलेली बॅटरी तीस तासांच्या घरात जाते. अशा चार्जरला १४.४ वर थांबायची अक्कलही बरेचदा नसते, त्यामुळे शेवटचे तास लक्ष ठेवावं लागतं.

तासांवर मात्र अंदाजापुरताच भरवसा ठेवा. बॅटरी भरली की नाही हे ॲसिड सांगतं. काचेचा हायड्रोमीटर घ्या आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, बघा. इन्व्हर्टरच्या ट्यूबलर बॅटरीला भरल्यावर सहसा १२४० यायला हवी. तुमच्या बॅटरीवर किंवा वॉरंटी कार्डावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. गाडीच्या बॅटरीची ग्रॅव्हिटी याहून जास्त असते, तिचा आकडा इथे लावू नका. दर तासाला रीडिंग घ्या. लागोपाठ तीन रीडिंग हलली नाहीत, करंटही तीन-चार अँपिअरवर येऊन थांबला, आणि सगळ्या सेलमध्ये सारखे बुडबुडे आहेत, तर बॅटरी भरली.

दोन गोष्टींनी हे रीडिंग फसवतं. पहिले काही तास ग्रॅव्हिटी फारशी हलतच नाही, कारण प्लेटांतून सुटणारं जड ॲसिड तळाशी बसतं आणि हायड्रोमीटर वरचं ओढतो. शेवटी बुडबुडे सुटले की ते ढवळलं जातं आणि आकडा भराभर चढतो. डिस्टिल्ड वॉटर नुकतंच टाकलं असेल तरी हेच होतं, म्हणून पाणी चार्जिंग संपत आल्यावर लेव्हलला आणा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच आधी टाका. दुसरी गोष्ट तापमान. आकडे २७ अंशांचे असतात. ॲसिड गरम असेल तर दर १० अंशांना ७ पॉइंट कमी दिसतात. मे महिन्यात ॲसिड ४२ अंशांवर असताना १२३० दिसलं तर ते १२४०च आहे. हे करताना चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिपा काढू नका. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते.

आता मोठ्या चार्जरचं. २० अँपिअरने वेळ निम्मा होत नाही. करंट दुप्पट केला की व्होल्टेज १४.४ ला लवकर पोचतं, म्हणजे बॅटरी ७५ टक्क्यांवर असतानाच करंट उतरायला लागतो. पहिला टप्पा सहा तासांत होतो, पण मागचा लांब टप्पा उरतोच. तो सात-आठ तास खातो. एकूण १३-१४ तास. बावीसवरून चौदा हा फरक कमी नाही, आणि तुमच्याकडे लाइट मोजकेच तास असेल तर तो घेण्यासारखा आहे. पण सारखा मोठा करंट दिला की ॲसिड तापतं आणि पाणी लवकर उडतं. ॲसिड ५० अंशांच्या वर जात असेल तर करंट कमी करायलाच हवा. एएचच्या दहाव्या भागाइतका करंट, म्हणजे तुम्हाला १५ अँपिअर, ही माझी पसंती. तो साधारण १६-१७ तासांत बॅटरी भरतो. चार्जर बदलायचाच असेल तर १५ चा घ्या, मात्र १४.४ वर धरणारा आणि भरल्यावर १३.६ च्या आसपास उतरणारा ऑटोमॅटिक घ्या.

२२ तास देऊनही जमलं नाही, तर दोष चार्जरचा नसून बॅटरीचा असू शकतो, आणि तो ओळखता येतो. उतरलेली बॅटरी लावल्यावर तासा-दोन तासांतच १४.४ गाठते, करंट दोन-तीनवर येतो आणि ग्रॅव्हिटी ११८० च्या पुढे जात नाही, तर सल्फेट कडक झालंय. अशा बॅटरीला चार-पाच अँपिअरने दोन दिवस लावून बघा. थोडी जुनी असेल तर काही प्रमाणात परत येते. पण पाच सेल १२३०-१२४० वर आणि एकच ११०० वर अडकलाय, त्यात बुडबुडे नाहीत, व्होल्टेज १३ च्या आसपासच रेंगाळतंय आणि चार्जर मात्र पूर्ण करंट देतोय, तर तो सेल आतून शॉर्ट आहे. ती बॅटरी कितीही तास लावली तरी भरणार नाही, उलट चांगले पाच सेल उकळून कोरडे पडतील. तिला लगेच चार्जरवरून काढा आणि वॉरंटी शिल्लक असेल तर सहाही सेलची रीडिंग लिहून दुकानात घेऊन जा.