रिप, सोळा आणि 'चार बिट'ची दंतकथा

प्रश्न: रिपमध्ये मेट्रिक म्हणून हॉप काउंटच का धरतात? मर्यादा १६ हॉपचीच का? आणि स्प्लिट होरायझन असताना या मर्यादेची गरजच काय?

रिप म्हणजे कुठल्या नेटवर्कला कसं जायचं हे राउटरांनी एकमेकांना सांगायचा प्रोटोकॉल. मेट्रिक म्हणजे रस्त्याची किंमत, हॉप काउंट म्हणजे वाटेतल्या राउटरांची संख्या, प्रत्येक राउटर ऐकलेल्या आकड्यात आपला एक मिळवतो. आता आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. 'मेट्रिकचं फील्ड चार बिटचं असतं, म्हणून सोळा' असं क्लासमध्ये सांगतात, ते साफ चूक आहे. फील्ड ३२ बिटचं आहे. अब्जावधीपर्यंतचा आकडा त्यात मावतो. सोळा हा आकडा ठरवून घेतलाय. तो कशासाठी घेतला हे मला २००६ साली सांगलीत एका पतसंस्थेच्या गच्चीवर उन्हात बसून कळलं, आणि ज्यांना पटवायचं होतं त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

संस्थेच्या तीन जागा होत्या: मुख्य कचेरी, मार्केट यार्ड शाखा आणि एमआयडीसी शाखा. तिघींच्या गच्चीवर रेडिओ होते, प्रत्येक जागा उरलेल्या दोघींशी थेट जोडलेली, म्हणजे त्रिकोण. राउटर म्हणून जुने पीसी, त्यांवर लिनक्स आणि रिप चालवणारा ripd. एक लिंक पडली तर दुसऱ्या बाजूने फिरून जाता यावं म्हणून त्रिकोण केला होता, आणि तेवढ्यापुरता तो छान चालायचा.

ते भारनियमनाचे दिवस होते. एके दिवशी यार्डच्या मॅनेजरबाईंचा फोन आला, "अहो, लाईट एमआयडीसीची जाते आणि स्क्रीन आमचे का थिजतात?" मला आधी हसू आलं. मग वहीत वेळा लिहून ठेवल्या तर बाई बरोबर होत्या. दर वेळी नाही, पण पाच-सहा वेळांतून एकदा तरी एमआयडीसीची वीज गेली की पुढचा पाऊण-एक मिनिट यार्ड आणि कचेरी दोन्हीकडे सगळं अडकायचं, आणि मग आपोआप सुटायचं.

मला लूपची, म्हणजे पॅकेट राउटरांमध्ये गोल फिरत राहतात अशी शंका होती. आमच्या सीनियर सरांनी फोनवरच निकाल दिला, "रेडिओ खराब आहे. लूप? अरे, स्प्लिट होरायझन चालू आहे ना? मग लूप होईलच कसा?"

आता स्प्लिट होरायझन म्हणजे काय, तर ज्या इंटरफेसवरून एखादा रूट कळला त्याच इंटरफेसवर तो परत सांगायचा नाही. तुमच्याकडूनच ऐकलेली बातमी तुम्हालाच सांगू नये, एवढंच. दोन राउटरांमधला घोळ त्याने मिटतो. पण आमच्याकडे तीन होते. काय व्हायचं ते सावकाश बघा.

एमआयडीसीचं नेटवर्क 10.20.4.0/24. एमआयडीसी ते दोघांना '१' म्हणून सांगते. वीज गेली की तिथला स्विच बंद पडायचा. राउटर यूपीएसवर असल्याने जिवंत राहायचा. ripd ज्या संचातला त्या झेब्रामध्ये link-detect, म्हणजे लिंक पडल्याची दखल घेणं, चालू होतं, त्यामुळे राउटर लगेच दोघांना सांगायचा: १६, म्हणजे आता तिकडे जाता येत नाही. कचेरीला तो निरोप पोचायचा. यार्डला जाणारा निरोप कधीकधी हवेतच गळायचा. रिप यूडीपीवर चालतं. निरोप मिळाला का, असं कोणी विचारत नाही.

आता यार्डला वाटतंय की एमआयडीसीचं नेटवर्क ठणठणीत आहे. ३० सेकंदांचा नेहमीचा अपडेट आला की यार्ड कचेरीला सांगतं, '२'. हे नियमात बसतं, कारण त्याला हा रूट कचेरीकडून नव्हे, एमआयडीसीकडून कळलाय. कचेरीकडे रस्ता नव्हताच, ती खूश होऊन तो घेते आणि एमआयडीसीला सांगते, '३'. हेही नियमात, कारण कचेरीला ते यार्डकडून कळलंय. एमआयडीसीला वाटतं, अरे वा, माझंच नेटवर्क कचेरीमार्गे सापडलं! ती यार्डला सांगते, '४'. यार्डचा रस्ता एमआयडीसीवरूनच होता, आणि ज्याच्यामार्फत आपण जातो त्याने आकडा वाढवला तर तो मुकाट मान्य करायचा हा रिपचा नियम. मग यार्ड कचेरीला '५' सांगतं, कचेरी एमआयडीसीला '६', एमआयडीसी यार्डला '७'. कोणीही स्प्लिट होरायझन मोडलेलं नाही, तरी अफवा गोल फिरतेय. यालाच काउंट टू इन्फिनिटी म्हणतात.

मी यार्डच्या पीसीवर, एमआयडीसीच्या बाजूच्या इंटरफेसवर रिपचे पॅकेट पकडायला हे लावून बसलो:

```
tcpdump -n -v -x -i eth1 udp port 520
```

तिसऱ्या दिवशी सापडलं. एमआयडीसीकडून येणारे आकडे ओळीने ४, ७, १०, १३, १६. दर फेरीला तीन वाढत होते, कारण त्रिकोणात तीन राउटर. एमआयडीसीच्या पीसीवर पहिला १६ पाठवलेला दिसत होता, यार्डच्या पीसीवर तो आलेलाच नव्हता. तेवढ्या वेळात कचेरीतून पॅकेटची वाट दाखवणारा traceroute मारला तर तेच तीन पत्ते पुन्हापुन्हा.

स्क्रीन थिजायचे त्याचं कारण मात्र मी स्वतः होतो, हे कबूल करतो. एमआयडीसीची वीस मशीन जिवंत आहेत का हे बघायला मी कचेरीच्या सर्व्हरवर दर सेकंदाला पिंग करणारी स्क्रिप्ट ठेवली होती. लिनक्सचा टीटीएल, म्हणजे पॅकेट मरण्याआधी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा, ६४. एक पिंग कचेरी-यार्ड-एमआयडीसी-कचेरी अशा २१ प्रदक्षिणा घालून मग मरायचं. वीस मशीन गुणिले २१ म्हणजे प्रत्येक लिंकवर सेकंदाला चारशेच्या वर पॅकेट. त्या काळच्या रेडिओंना छोट्या पॅकेटांचा असा मारा झेपत नसे. त्यात रिपचे अपडेटही गळायचे आणि घोळ आणखी लांबायचा.

हे कधी थांबायचं? आकडा १६ झाला की. कचेरीने '१५' सांगितलं, एमआयडीसीने स्वतःचा एक मिळवला, झाले १६, रूट मेला. १६ चा अर्थच मुळी 'अनंत' आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: स्प्लिट होरायझन तीन किंवा जास्त राउटरांचा फेरा थांबवू शकत नाही, म्हणून अनंत जवळ ठेवावा लागतो. २ पासून १६ पर्यंत १४ पायऱ्या. बदल झाला की लगेच अपडेट जातो, तरी मध्ये काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो, म्हणून आमचं पाऊण मिनिटात भागायचं. अनंत २५५ ला ठेवला असता तर २५३ पायऱ्या, अठरापट वेळ. म्हणजे यार्डच्या बाई तेरा-चौदा मिनिटं बंद स्क्रीनकडे बघत बसल्या असत्या. आणि लगेच जाणारे अपडेट नसते, प्रत्येक पायरीला सरासरी १५ सेकंद धरले, तर १६ ला साडेतीन मिनिटं आणि २५५ ला तासाच्या वर.

उलट बाजूने, अनंत ५ ठेवला असता तर घोळ चुटकीसरशी मिटला असता, पण नेटवर्क चार राउटरांपलीकडे वाढलं नसतं. चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये आरएफसी १०५८ हा रिपचा दस्तऐवज लिहिला, त्यात हे उघड मांडलंय: नेटवर्कचा आकार आणि घोळ निस्तरायला लागणारा वेळ यांतली ही तडजोड आहे, आणि १५ पेक्षा मोठ्या पसाऱ्यासाठी हा प्रोटोकॉल सोयीचा नाहीच, असं करणाऱ्यांचं मत होतं.

आता ते चार बिट. त्याच कॅप्चरमधली रूटची एक नोंद, हेक्समध्ये:

```
0002 0000 0a14 0400 ffff ff00 0000 0000 0000 0010
```

0a14 0400 म्हणजे 10.20.4.0, त्यापुढे मास्क, मग नेक्स्ट हॉप, आणि शेवटचे चार बाइट मेट्रिक: 0000 0010, म्हणजे १६. मुळात चार बिटांत जास्तीत जास्त १५ मावतात, १६ लिहायलाच पाचवा बिट लागतो! मी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "बरोबर असेल, पण इंटरव्ह्यूत मात्र चार बिटच सांग." तुम्ही सांगू नका. समोरचा हटून बसला तर आयपीव्ही६ च्या रिपएनजीचं उदाहरण द्या. तिथे मेट्रिकचं फील्ड ३२ वरून ८ बिटांवर आलं, मर्यादा मात्र १६ च राहिली.

हॉप काउंट का, याचं उत्तर त्यामानाने साधं आहे. रिप आलं झेरॉक्सच्या घराण्यातून, पसरलं बीएसडी युनिक्समधल्या routed मुळे, आणि जुंपलं गेलं कॅम्पसमधल्या जवळपास सारख्या लिंक्सवर. तिथे राउटर मोजणं पुरेसं होतं. दुसरं म्हणजे हॉपची संख्या गर्दी वाढली-घटली म्हणून बदलत नाही. विलंब किंवा लोड मेट्रिक धरला तर रिकाम्या रस्त्यावर सगळे धावतात, तो भरतो, मग सगळे परत फिरतात. संथ गतीने बातम्या पोचवणाऱ्या रिपला ती धावपळ सोसली नसती. किंमत वाढवून लिहायची मुभा आहे, म्हणजे हळू लिंकला १ ऐवजी ५ देता येतात, पण ते पाच त्याच पंधरांतून जातात. अशा तीन लिंक ओळीने आल्या की संपलं.

आमच्याकडे उपाय फुकटात झाला. एमआयडीसीच्या लॅन इंटरफेसवर no link-detect केलं. त्या नेटवर्कला दुसरी वाट नव्हतीच, मग स्विच बंद पडल्याची दवंडी पिटून फायदा काय? रूट तसाच राहायचा आणि पिंग एमआयडीसीच्या राउटरपर्यंत जाऊन तिथेच मरायचे. स्क्रिप्टही मिनिटाला एकदा केली.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पॉइझन रिव्हर्स, म्हणजे गप्प बसण्याऐवजी उलट दिशेला १६ सांगणं, दोघांतला घोळ आणखी लवकर मिटवतं, पण तिघांच्या फेऱ्यावर त्याचाही इलाज चालत नाही. आणि सिस्कोचे राउटर जोडून हे बघायला गेलात तर बहुधा दिसणार नाही, कारण तिथे होल्डडाउन असतो: रूट मेला असं कळलं की १८० सेकंद त्याच्याबद्दलची दुसऱ्या कोणाची बातमी ऐकायचीच नाही. आमच्या कचेरीत तो असता तर यार्डचं '२' तिने कानाआड केलं असतं. बघायचंच असेल तर तीन लिनक्स मशीन त्रिकोणात जोडा आणि iptables ने एका बाजूचा ५२० पोर्ट वीसेक सेकंद अडवून लॅन पाडा. तेवढ्या वेळात यार्डच्या जागी असलेल्या मशीनचा अपडेट निघायला हवा. पहिल्या खेपेला जमलं नाही तर पुन्हा करा.