सोसायटीच्या गणपतीत व्हीलचेअर, वयस्कर मंडळी आणि आवाजाचा त्रास होणारं मूल: मंडप कसा घालावा?

प्रश्न: आमचा गणपती इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बसतो. स्टेज दीड फूट उंच असतं. दोघेजण व्हीलचेअर वापरतात, सात-आठ जण ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि ऑटिझम असलेला एक मुलगा आरतीच्या आवाजामुळे खालीच येत नाही. फार खर्च न करता यंदा काय बदलता येईल?

उत्तर:

मंडपवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी त्याच्याशी एकच गोष्ट बोला, ती म्हणजे स्टेजची उंची. रॅम्पचा विचार त्यानंतर.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे. जितके इंच चढायचं, तितके फूट लांबी. म्हणजे एकास बारा चढ. तुमचं स्टेज दीड फूट, म्हणजे अठरा इंच, म्हणून रॅम्प १८ फूट लांब हवा. वर दाराशी वळायला आणि खाली सुरुवातीला थांबायला प्रत्येकी पाच बाय पाच फूट सपाट जागा धरली, तर सगळं मिळून २८ फूट होतात. पार्किंगमध्ये एवढी सरळ जागा सहसा नसते. मग मंडपवाला सहा-सात फुटांत रॅम्प ‘बसवून’ देतो. तो एकास चार-पाच चढाचा होतो. त्यावर स्वतः चाक फिरवणारा माणूस चढू शकत नाही, ढकलणाऱ्याचा पाय घसरतो, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटायची भीती असते. शेवटी चार जण खुर्ची उचलतात, आणि पुढच्या वर्षी तो माणूस दर्शनाला येत नाही.

खरं तर उंची मूर्तीला हवी असते, माणसांना नाही. स्टेज उंच करतात ते मागच्यांना बाप्पा दिसावा म्हणून आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. पहिलं काम मूर्तीच्या चौथऱ्याने होतं. तो जमिनीपासून तीन फूट ठेवा आणि लोक उभे राहतात तो भाग खालीच राहू द्या. पाण्यासाठी चार इंच उंचीची फळी पुरते. पार्किंग कोरडं राहत असेल तर तीही नको. चार इंचांना चार फुटांचा रॅम्प लागतो, आणि इथे सुताराचं काम एकदम हलकं होतं. आठ बाय चारचा १९ मिलिमीटर प्लाय मधोमध कापला की चार बाय चारचे दोन तुकडे मिळतात, एक येण्यासाठी, एक जाण्यासाठी. रुंदीही आपोआप चार फूट मिळते.

प्लायखाली दर फुटावर आडवा वासा हवा. बॅटरीची व्हीलचेअर आणि वर बसलेला माणूस मिळून दोनशे किलोपर्यंत वजन जाऊ शकतं, आणि वासे लांब असतील तर प्लाय मधे बसतो. सगळ्यात जास्त चुका होतात त्या खालच्या टोकाला. प्लायची जाडी तिथे पावणेइंची उभी कड बनून राहते. डोळ्याला ती क्षुल्लक वाटते, पण व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. ती कडेला आपटून अडकतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. म्हणून ती कड रंधा मारून जमिनीला मिळवून घ्या, किंवा वर पातळ पत्रा ठोकून तो जमिनीवर टेकवा. दोन्ही बाजूंना तीन-चार इंच उंच पट्टी मारा, म्हणजे चाक बाहेर उतरणार नाही.

मोजताना एक सांभाळा. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला थोडा उतार दिलेला असतो. स्टेजच्या कडेशी उंची चार इंच भरली तरी रॅम्प जिथे सुरू होतो तिथून ती साडेचार-पाच असू शकते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी लावून रॅम्पच्या दोन टोकांमधला फरक काढा आणि त्यावरून लांबी ठरवा.

रॅम्पवर लाल कार्पेट घालू नका. गणपतीत पाऊस असतोच. भिजलेलं कार्पेट सरकतं, त्याला सुरकुत्या पडतात, आणि काठीचं टोक नेमकं सुरकुतीत अडकतं. उघड्या प्लायवर खरखरीत चिकटपट्टी आडवी, अर्ध्या-अर्ध्या फुटावर लावली की झालं. मंडपातलं कार्पेट ठेवायचंच असेल तर ते ताणून सगळ्या कडा रुंद टेपने चिकटवा. माइक आणि लाइटच्या वायरी वरून न्या.

कठडा म्हणून दोरीने बांधलेला बांबू चालत नाही. तो हलतो, आणि आजोबा भार टाकतील तो नेमका त्याच्यावरच. लोखंडी पाइप क्लॅम्पने पक्का करा, जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर. त्यावर झेंडूच्या माळा गुंडाळू नका. हाताला पाइप सापडला पाहिजे, फुलं नाहीत. सजावट खालच्या बाजूला करा.

चपला काढण्याच्या जागी हमखास वाद होतो, त्याची तयारी आधी करा. व्हीलचेअरची चाकं म्हणजे त्या माणसाची पावलंच. रॅम्पच्या आधी दोन मीटर लांबीची ओलसर चटई आणि तिच्यापुढे तेवढीच कोरडी चटई अंथरा. मागच्या मोठ्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर असतो, म्हणजे दोन मीटरमध्ये त्याचा पूर्ण एक फेरा होऊन सगळं चाक पुसलं जातं. पायाला कॅलिपर किंवा कृत्रिम पाय असलेल्यांना बूट काढायला लावू नका. कित्येकांना त्या बुटाशिवाय उभंच राहता येत नाही. दारावरच्या कार्यकर्त्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तो सगळ्यांदेखत अडवणार नाही.

दर्शनाची रांग सरळ जाते तिथे तीन फूट रुंदी चालते, पण वळणावर पाच फूट हवी. मूर्तीसमोरून पुढे निघून जाता आलं पाहिजे. गर्दीत खुर्ची उलटी मागे घ्यावी लागली तर कुणाच्या तरी पायावरून जातेच. दानपेटी वाटेतून बाजूला घ्या. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतो. आरतीला सगळे उभे राहिले की त्याला फक्त पाठी दिसतात. म्हणून पुढच्या ओळीत, थोडं एका बाजूला, तीन बाय चार फुटांचे दोन चौकोन आखून ठेवा, शेजारी घरच्या माणसाची खुर्ची, आणि त्यांच्यापुढे कोणी उभं राहणार नाही एवढं एका कार्यकर्त्याने बघायचं. आरतीचं ताट आणि तीर्थ त्यांच्या हाताच्या उंचीवर आणा.

वयस्कर मंडळींसाठी हात असलेल्या खुर्च्या घ्या, आणि त्या मागे न मांडता रांगेच्या सुरुवातीला, मधे आणि मूर्तीजवळ मांडा. वीस मिनिटं उभं राहणं हीच त्यांची अडचण असते. बैठक सुमारे दीड फूट उंच असावी, त्याहून खाली असेल तर गुडघे उठू देत नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत टाइलवर फाकतात. तिथे एकात एक दोन खुर्च्या घालून ठेवल्या तर बैठक थोडी उंच होते आणि बळकटीही येते. आणि तळमजल्यावरचं एक स्वच्छतागृह उघडं ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वारंवार लघवीला लागते, आणि त्या धास्तीने कित्येक आज्या खाली उतरतच नाहीत.

आता आवाज. उघड्यावर आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की तो सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ९० असेल तर दोनवर ८४, चारवर ७८. पण वर काँक्रीटचा स्लॅब आणि बाजूला भिंती असल्या की आवाज परतून येतो आणि तेवढा उतरत नाही. म्हणून पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्याने त्या मुलाला आराम मिळत नाही, स्लॅबच्या बाहेर जावं लागतं. मंडप आणि त्याच्यामध्ये दोन भिंती येतील अशी एखादी खोली, बहुधा सोसायटीचं ऑफिस, आरतीच्या वेळी उघडी ठेवा. मंद दिवा आणि एक सतरंजी पुरे.

समोर दोन मोठे स्पीकर लावले की मागच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज वाढवतात आणि पुढच्यांचे कान फुटतात. त्याऐवजी चार लहान स्पीकर लांबीभर वाटून लावा, सगळीकडे हळू आवाज पुरतो. पन्नास-साठ माणसांच्या आरतीला माइक मुळात लागतच नाही. कानाचं यंत्र वापरणाऱ्यांना झांजेचा तीव्र आवाज विशेष टोचतो. ते यंत्र बंद करतात आणि मग सूचना ऐकू येत नाहीत, म्हणून सूचना फलकावरही लिहा.

रोजच्या दोनपैकी सकाळची आरती शांत ठेवा. माइक नाही, झांज नाही, फक्त टाळ्या आणि छोटी घंटी. त्या मुलाच्या आईवडिलांना विचारा, तो आदल्या संध्याकाळी रिकाम्या मंडपात एकदा येऊन गेला तर बरं का. अशा मुलांना आवाजाइतकाच त्याचा अचानकपणा झोंबतो. म्हणून फलकावर खरी वेळ लिहा आणि ती पाळा: आरती साडेसात ते सात पन्नास, शेवटी शंखनाद. सुतळी बॉम्ब आणि माइकची शिट्टी यांना वेळापत्रक नसतं, ते बंदच करायला हवेत. बांधकामावर वापरतात तसे कानांवर बसणारे दोन-तीन मफ आणून ठेवा. कानात घालायच्या बोळ्यांपेक्षा ते मुलं सहज स्वीकारतात. मूल कान झाकत असेल, कपडे ओढत असेल किंवा एकाच जागी गरगर फिरू लागलं, तर प्रसाद हातात कोंबू नका, वाट मोकळी करून द्या.

आवाजावर कोणी वाद घातला तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम दाखवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं.

स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी, सुतार अजून तिथेच असताना, त्या दोघा व्हीलचेअरवाल्यांना बोलावून पूर्ण फेरी मारायला सांगा: चटई, रॅम्प, वळण, मूर्ती, बाहेर. रॅम्प दबला किंवा चाक कुठे थबकलं, तर ते तेव्हाच दुरुस्त होतं. कुठे उचलायची वेळ आलीच तर त्यांना विचारून उचला, आणि हातांच्या किंवा पायांच्या टेकूला धरू नका. ते निघून हातात येतात. सांगाडाच धरायचा.

विसर्जनाला ढोल-ताशा असेल तर तो स्लॅबखाली वाजू देऊ नका, गेटबाहेर सुरू करा. शेवटची आरती आणि निरोप आत, ढोलाविना उरकून घ्या. ज्यांना मिरवणुकीत जाता येत नाही त्यांचा निरोप तिथेच होतो.