प्री-ईएमआय किती आणि पूर्ण हप्ता कधीपासून?

प्रश्न: लातूरला प्लॉटवर घर बांधतोय. 20 लाखांचं कर्ज मंजूर आहे, पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. आत्ता महिन्याला किती भरायचं, पूर्ण हप्ता कधी सुरू होतो?

उत्तर: आत्ता फक्त उचललेल्या रकमेवरचं व्याज, म्हणजेच प्री-ईएमआय भरायचा, पूर्ण हप्ता शेवटचा टप्पा उचलल्यावर किंवा मंजुरीपत्रातली मुदत संपल्यावर, जे आधी घडेल तेव्हापासून. समजा व्याजदर 9 टक्के आहे. जोत्यापर्यंत 5 लाख उचलले, तर महिन्याला 3,750 रुपये. स्लॅबनंतर एकूण 12 लाख झाले की 9,000. पूर्ण 20 लाखांचा 20 वर्षांचा हप्ता साधारण 17,995. फक्त व्याज भरता त्या काळात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही, म्हणून पुढचा टप्पा काम तिथवर आल्यावरच मागा. खात्यात पडून राहिलेल्या पैशावरही व्याज चालूच असतं.

आपल्याकडे अडचण उन्हाळ्यात येते. बोअर आटला, टँकर परवडेना, की क्युरिंगवाचून काम दोन-तीन महिने थांबतं. बँकेची मुदत मात्र थांबत नाही. ती संपली तर अर्धवट घरावरही हप्ता लागू शकतो, तेव्हा आधीच लेखी मुदतवाढ मागा. काही बँका पहिल्या टप्प्यापासूनच उचललेल्या रकमेवर हप्ता लावतात. मंजुरीपत्र एकदा नीट वाचा.