जुन्या गेमिंग पीसीला कोणतं विंडोज?

कोअर २ ड्युओ, ४ जीबी रॅम, जीफोर्स ८८०० जीटी आणि जुनी हार्ड डिस्क आहे. एक्सपी, ७ की १०?

विंडोज ७, ६४-बिट. आधी कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर बघायचा. एनव्हिडियाने या कार्डासाठी शेवटचा ड्रायव्हर २०१६च्या डिसेंबरात काढला, 342.01. तो ७ वर चालतो आणि १० वरही. म्हणजे ड्रायव्हरच्या बाबतीत दोघं बरोबरीत, आणि निकाल लागतो तो सिस्टिमच्या स्वतःच्या भारावर.

तिथे १० मागे पडतं, आणि प्रोसेसरपेक्षा डिस्कमुळे जास्त. अपडेट, इंडेक्सिंग आणि डिफेंडर मागे चालू असतात. फिरत्या डिस्कवर ते खेळाच्या फायलींशी भांडतात. खेळताना दर काही सेकंदांनी चित्र अडखळत असेल तर रिसोर्स मॉनिटरमध्ये Disk टॅब उघडा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि वर नावं विंडोजच्या सेवांची दिसली, तर कार्डाला बोल लावू नका. शिवाय ७ मध्ये बेसिक थीम निवडली की एरो बंद होतो आणि कार्डाची थोडी मेमरी सुटते. ८ पासून पुढे ही सोय नाही.

एक्सपी सगळ्यात हलकं हे खरं. पण ३२-बिट एक्सपीला ४ जीबीतली साधारण सव्वातीन जीबीच दिसते, कारण उरलेले पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर हार्डवेअर घेतात. डायरेक्टएक्सही ९ वरच थांबतं. या कार्डाला १० येतं, ते वाया जाईल.

रेडियन एचडी ४८५० वर विंडोज १० टाकलं. व्हिडिओ ठीक दिसतात, पण कॅटॅलिस्ट इन्स्टॉलच होत नाही आणि गेम रखडतात.

एचडी २०००, ३००० आणि ४००० या मालिका एएमडीने २०१२ मध्येच बाजूला काढल्या. विंडोज १० साठी त्यांना ड्रायव्हर दिलाच नाही. `dxdiag` चालवून Display टॅब बघा. Microsoft Basic Display Adapter असं दिसलं तर कार्डाचा वेग वापरलाच जात नाही, सगळं ओझं प्रोसेसरवर आहे. कार्डाचं नाव आणि WDDM 1.1 दिसत असेल, तर विंडोज अपडेटने जुन्या जमान्यातला ड्रायव्हर बसवलाय. त्यावर बरेच गेम चालतात, पण कार्डाच्या सेटिंग्जचं पॅनेल मिळत नाही आणि सुधारणाही येणार नाहीत. मी असतो तर सरळ ७ वर परतलो असतो. १० वर फाइल्स बदलून जुळवलेले ड्रायव्हर टाकण्याच्या भानगडीत पडू नये. एका अपडेटनंतर पुन्हा तेच निस्तरावं लागतं.

जुन्या सीडीवरचे काही गेम ७ वर सुरूच होत नाहीत, आणि जे होतात त्यांचा सभोवतालचा आवाज गायब असतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आवाजाचं असं की व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने डायरेक्टसाउंडचा थेट हार्डवेअरकडे जाणारा मार्ग काढून टाकला, म्हणून जुन्या गेममध्ये सभोवतालचा आवाज देणारं ईएएक्स मुकं झालं. साउंड ब्लास्टर कार्ड असेल तर क्रिएटिव्हचं अल्केमी ते आवाज ओपनएएलकडे वळवून परत आणतं.

सीडीचं कारण बहुधा सेफडिस्क हे कॉपी-संरक्षण. त्याचा ड्रायव्हर secdrv.sys असुरक्षित ठरला. सप्टेंबर २०१५च्या KB3086255 या अपडेटने तो ७ वर बंद केला. १० मध्ये तर तो नाहीच. ७ वर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून तेवढ्यापुरता सुरू करता येतो:

```
sc config secdrv start= demand
sc start secdrv
```

`=` नंतरची मोकळी जागा गाळू नका, ती हवीच. खेळून झालं की `sc stop secdrv`.

असे गेम बरेच असतील तर वेगळ्या पार्टिशनवर एक्सपी ठेवा, इंटरनेटशिवाय. आधी एक्सपी टाका आणि मग ७. उलट केलंत तर एक्सपी ७चा बूट रेकॉर्ड पुसून टाकेल. इन्स्टॉल करताना 0x0000007B ही निळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये साटा AHCI वरून IDE वर करा. मात्र ७ टाकतानाही तोच मोड असू द्या.

माझे बहुतेक गेम स्टीमवर आहेत. तरी ७ च?

नाही, इथे माझं मत बदलतं. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने ७ आणि ८ चा आधार काढलाय. कार्डाला १० चा ड्रायव्हर असेल तर १० घ्या, पण फिरती डिस्क काढून एसएसडी लावा आणि जमल्यास रॅम ८ जीबी करा. १० चा मोफत आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा बँकेची कामं त्या मशीनवर नकोत. ११ चा विचार सोडा: त्याच्या 24H2 आवृत्तीला प्रोसेसरमध्ये POPCNT ही सूचना लागते, कोअर २ मध्ये ती नाही, त्यामुळे ते बूटच होत नाही.