बाबांचे वीस लाख, सुनेची एफडी आणि व्याजावरचा कर

प्रश्न : मी मिहानमधल्या कंपनीत आहे, वर्षाला २८ लाख पगार, नवी करप्रणाली. बायको प्रतापनगरात घरीच शिकवणी घेते, तिला वर्षाला तीनेक लाख मिळतात. बाबा (वय ७१, पेन्शन महिना ३०,०००) त्यांची सुटलेली एफडी, २० लाख, मला देणार आहेत. ते मी बायकोच्या खात्यात टाकून तिच्या नावे एफडी केली तर व्याजावर कर लागणार नाही ना?

उत्तर : पैसे देताघेताना कोणालाच कर लागणार नाही. वडिलांकडून मुलाला, नवऱ्याकडून बायकोला, सासऱ्याकडून सुनेला मिळालेली भेट कितीही मोठी असली तरी करमुक्त असते. ५०,००० रुपयांची मर्यादा मित्र, शेजारी आणि हो, चुलतभाऊ-मामेभावांच्या भेटींना आहे, कारण कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत ते बसत नाहीत.

अडचण पुढे, व्याजाची आहे. नवऱ्याने मोबदल्याशिवाय बायकोला पैसे दिले की त्यावरचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. यालाच क्लबिंग म्हणतात. १९६१ च्या कायद्यात हे कलम ६४ मध्ये होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही गाभा तोच आहे. ७ टक्क्यांनी २० लाखांचं व्याज १,४०,००० रुपये. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणून उपकरासह कर ४३,६८०. एफडीवर नाव वहिनींचं असलं तरी हा कर तुम्हालाच भरायचा आहे.

ही चूक लवकर दिसत नाही, म्हणून जास्त महाग पडते. बँक व्याज वहिनींच्या पॅनवर नोंदवते, त्या ते आपल्या विवरणपत्रात दाखवतात, एकूण उत्पन्न साडेचार लाखांच्या आत म्हणून कर शून्य. सगळं कसं नीटनेटकं वाटतं. पण विचारणा झाली तर तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात गेलेली २० लाखांची एकच नोंद पुरेशी असते. मग कर, त्यावर व्याज आणि कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल त्या कराच्या ५० टक्के दंड.

आता पैसे तुमच्याकडे न येता बाबांनी थेट सुनेला दिले तर? क्लबिंग तेव्हाही होतं, कारण सून त्याच तरतुदीत आहे. फक्त व्याज बाबांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. त्यांची पेन्शन ३,६०,०००, त्यात १,४०,००० मिळवले की पाच लाख, ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ४,२५,०००. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे तेच २० लाख, तीच एफडी, पण मधला तुमचा थांबा टाळला की वर्षाला ४३,६८० वाचतात. मात्र बाबांनी हे व्याज आपल्या विवरणपत्रात दाखवायला हवं. सासऱ्यांनी व्याह्यांना द्यायचे आणि व्याह्यांनी लेकीला, असली फिरवाफिरव करू नका. आडमार्गाने दिलेलाही पैसा कायद्यात धरला जातो.

तरी मला विचाराल तर बाबांना देऊच देऊ नका म्हणेन. हेतू फक्त कर वाचवायचा असेल तर तो त्यांच्या नावावरही शून्यच आहे. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दराने २० लाखांवर वर्षाला १,६४,००० मिळतील, दर तिमाहीला ४१,०००. कर तरीही नाही. एकदा दिलेली भेट मनात आलं म्हणून परत मागता येत नाही, आणि ७१ व्या वर्षी दवाखान्याचा खर्च कोणाला विचारून येत नाही. पुढे पैसे सुनेला मिळावेत अशी इच्छा असेल तर मृत्युपत्र करा. नुसतं नॉमिनी लावून मालकी ठरत नाही.

बाबांना खरोखर सुनेलाच द्यायचे असतील तर बँकेतूनच द्या, रोखीने नको. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड लागू शकतो. साध्या कागदावर दोघांच्या सह्यांचं भेटपत्र करा, त्यात पॅन आणि व्यवहाराचा क्रमांक लिहा. एफडी संचयी करू नका, व्याज वहिनींच्या वेगळ्या खात्यात घ्या. कारण क्लबिंग मूळ भेटीच्या व्याजापुरतंच आहे. ते १,४०,००० त्यांनी पुन्हा गुंतवले तर त्यावरचं ९,८०० व्याज त्यांचं स्वतःचं. संचयी एफडीत हे दोन हिशेब वेगळे काढताना सीएचं डोकं उठतं.

आणि शिकवणीचे तीन लाख? ते सध्या किराणा-भाजीत जात असतील तर घरखर्च तुमच्या पगारातून करा आणि ते पैसे वहिनींना त्यांच्या नावे गुंतवू द्या. ती त्यांची कमाई आहे, तिथे क्लबिंगचा प्रश्नच येत नाही.