पाकिटावर जवस, आत शेंगदाणा: चुकलेल्या ऑर्डरची दुरुस्ती-पोस्ट कशी लिहायची?

प्रश्न: आमचा घरगुती चटण्यांचा छोटा ब्रँड आहे. जवस चटणीचं लेबल लावलेल्या ३८ पाकिटांत चुकून शेंगदाणा चटणी गेली. २६ पाकिटं कुरिअरने गेली, १२ सोसायटीच्या प्रदर्शनात रोखीने विकली. इन्स्टावर माफीची कॅरोसेल टाकायचीय, पहिल्या स्लाइडवर काय लिहू?

पोस्ट नंतर, आधी फोन! ज्या २६ जणांचे नंबर तुमच्याकडे आहेत त्यांना आत्ता एकेकाला फोन लावा, उचलला नाही तर मेसेज टाका, आणि तो ब्रॉडकास्टने पाठवू नका कारण व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो आणि एकदाच ऑर्डर केलेले बहुतेक लोक नंबर सेव्ह करत नाहीत. फोनवर एक गोष्ट नक्की विचारा, पाकीट घरीच आहे की कुणाला दिलं, कारण चटण्या भेट म्हणून पुढे जातात. सोसायटीच्या ग्रुपवरही लगेच टाकायला सांगा. कॅरोसेल खरी लागणार आहे ती त्या १२ पाकिटांसाठी आणि पुढे कुणाच्या तरी घरी गेलेल्या पाकिटांसाठी, म्हणजे ज्यांचा नंबरच तुमच्याकडे नाही त्यांच्यासाठी, आणि हे डोक्यात ठेवलं की पहिली स्लाइड आपोआप ठरते.

तिच्यावर माफी नको, लोगो नको, फुलाफुलांचं बॅकग्राउंड नको. साध्या रंगावर मोठ्या अक्षरात एवढंच: "१२ ऑक्टोबरला पॅक केलेली आमची जवस चटणी खाऊ नका. आत शेंगदाणा चटणी आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना धोका आहे." तारीख अर्थात तुमची खरी टाका, सोबत बॅच नंबरही. आणि 'महत्त्वाची सूचना' असलं काही वर लिहू नका, त्याने जागा जाते आणि लोक जाहिरात समजून पुढे सरकतात.

दुसऱ्या स्लाइडवर पाकिटाच्या मागच्या बाजूचा खरा फोटो, बॅच नंबरभोवती गोल, आणि पाकिटं कुठे विकली ते. पण खाली पहिल्या स्लाइडचं मुख्य वाक्य पुन्हा छापा. पहिली स्लाइड बघून कुणी स्वाइप न करता पुढे गेलं तर इन्स्टाग्राम त्यांना तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवू शकतं, शिवाय लोक एकाच स्लाइडचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकतात, म्हणून प्रत्येक स्लाइडवर बॅच आणि तारीख हवीच. तिसरीवर काय करायचं ते: पाकीट बाजूला ठेवा, फोटो पाठवा, आणि खाऊन झालं असेल आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास झाला तर आमच्या रिप्लायची वाट न बघता थेट हॉस्पिटलला जा. चौथी माफीची, पाचवी पैसे परत आणि फोन नंबर. इन्स्टाग्राम २० स्लाइड देतं, पण तुम्हाला पाच पुष्कळ झाल्या.

कॅप्शनची सुरुवातच फीडमध्ये दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं, तेव्हा तिथेही बॅच आणि "खाऊ नका" आधी येऊ दे. स्लाइडवरचा सगळा मजकूर कॅप्शनमध्ये पुन्हा टाइप करा, ज्यांना फोटोतलं वाचता येत नाही आणि जे स्क्रीन रीडर वापरतात त्यांच्यापर्यंतही तो गेला पाहिजे.

एक मोह होईल तो टाळा, "चटणी तशी ताजी आणि चांगलीच आहे" हे वाक्य. खरं असेलही, पण ॲलर्जीवाल्या घरात त्या वाक्याने घोटाळा होतो. आणि पोस्ट करायच्या आधी उलटी बाजू मोजा: जवसाचं लेबल शेंगदाण्यावर गेलं, मग शेंगदाण्याचं जवसावर गेलं का? त्या दिवशी किती किलो कुठली चटणी केली, कुठली किती लेबलं वापरली आणि शिल्लक पाकिटं किती, हे जुळवलं की कळतं. शंका असेल तर शिल्लक पाकिटं फोडून बघा. दोन दिवसांनी दुसरी दुरुस्ती टाकायची वेळ आली की पहिलीवरचा विश्वासही जातो.

प्रश्न: आम्ही नाव छापलेल्या राख्या विकतो. काही ऑर्डरमध्ये नावं अदलाबदल झाली. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" अशी पोस्ट टाकली तर लोक अजूनच चिडले. काय चुकलं?

त्या पोस्टमध्ये तुम्ही काय केलंत हेच नाही. ताईने महिनाभर आधी ऑर्डर दिली आणि ऐन सणाला पाकीट उघडल्यावर दुसऱ्याच्या भावाचं नाव निघालं, तेव्हा वेळ निघून गेलेली होती आणि नवी राखी पाठवून तो दिवस परत येत नाही. हे सगळं 'गैरसोय' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं यांना समजलंच नाही.

मी असं लिहिलं असतं: "आम्ही तुमच्या राख्या चुकीच्या पाकिटांत भरल्या. त्यामुळे रक्षाबंधनाच्या दिवशी तुमच्या हातात दुसऱ्याच्या भावाच्या नावाची राखी आली. तो दिवस आम्ही परत देऊ शकत नाही. माफ करा." पहिल्या वाक्यात कर्ता तुम्ही, दुसऱ्यात समोरच्यावर काय वेळ आली, मग माफी. "सणाच्या गर्दीमुळे" हे त्या स्लाइडवर आलंच नाही पाहिजे, गर्दी होणार हे तुम्हाला ऑर्डर घेतानाच माहीत होतं. आणि "कुणाची मनं दुखावली असल्यास" मधला 'असल्यास' काढाच, दुखावलीच आहेत.

तुमच्या बाबतीत अजून एक, चुकलेले सगळे ग्राहक तुम्हाला नावानिशी माहीत होते. मग कॅरोसेलपेक्षा प्रत्येकीला स्वतः फोन करणं जास्त बरं होतं. आता पोस्ट केलीच आहे तर काढू नका, कॅप्शन बदलून नीट माफी लिहा, वर "दुरुस्त केलं" म्हणून तारीख टाका आणि फोन सुरू करा.

प्रश्न: पॅकिंग करणाऱ्या मावशींच्या हातून चुकलं, हे प्रामाणिकपणे लिहू का?

अजिबात नको. नाव न घेता "आमच्या स्टाफकडून" असंही नको, छोट्या ब्रँडमध्ये स्टाफ म्हणजे दोन माणसं, गल्लीत सगळ्यांना कळतं कोण ते. आणि कारण म्हणूनही ते अर्धवटच आहे. वरच्या चटणीचंच घ्या, दोन्ही लेबलं सारख्याच तपकिरी रंगाची, दोन्ही रोल एकाच टेबलावर आणि सील करण्याआधी कुणी दुसऱ्याने बघायचं ठरलेलंच नाही, असं असेल तर ते मालकाने ठरवायला हवं होतं. तसंच लिहा: "दोन चटण्यांची लेबलं आम्ही एकाच रंगात छापली होती आणि एकाच टेबलावर ठेवत होतो. आता शेंगदाण्याचं लेबल लाल आहे, एका वेळी टेबलावर एकच चटणी असते आणि सील करण्याआधी दुसरी व्यक्ती पाकीट तपासते." जे खरोखर सुरू केलंय तेवढंच लिहायचं. "यापुढे काळजी घेऊ" याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

प्रश्न: रिफंडऐवजी पुढच्या ऑर्डरवर २० टक्के सूट दिली तर चालेल का?

नाही. ती मिळवायला त्यांनी परत तुम्हालाच पैसे द्यायचे! पूर्ण पैसे, कुरिअर चार्ज धरून, यूपीआयने, आणि कधीपर्यंत ते लिहून. रोखीने घेतलेल्यांकडे बिल मागू नका, पाकिटाचा फोटो पुरे.

प्रश्न: कमेंट बंद ठेवू का? आणि पोस्ट किती दिवसांनी काढू?

कमेंट उघड्या ठेवा, तिथेच कुणीतरी विचारतं "माझ्याकडे ११ तारखेचं आहे, चालेल का?" आणि तुमचं उत्तर बाकीच्यांनाही मिळतं. पत्ता, फोन नंबर दिसला तर तेवढी कमेंट लपवून मेसेजमध्ये बोला.

पोस्ट प्रोफाइलवर पिन करा. स्टोरी २४ तासांत जाते, तिच्यावर भागवू नका, रोज नवी टाकून पोस्टकडे बोट दाखवा. नवी माहिती आली तर कॅप्शनमध्ये सगळ्यात वर तारीख घालून लिहा, "३८ पैकी ३१ पाकिटांचा पत्ता लागला" अशी. मात्र स्लाइडवरचीच तारीख किंवा बॅच चुकली असेल तर कॅप्शनवर भागत नाही, नवी पोस्ट करून जुनीच्या कॅप्शनमध्ये तसं लिहा. पिन काढायची ती त्या बॅचची वापरायची मुदत संपल्यावरच, कारण तोपर्यंत एखादं पाकीट कुणाच्या तरी फळीवर असू शकतं. पोस्ट मात्र त्यानंतरही राहू द्या.